पेनाचा आकडा आणि पट्टीचा रंग

कॉफीसाठी घरचे पाणी तपासायचे ठरवले की बहुधा प्रथम हाती येते ते टीडीएस पेन. पाण्यात बुडवताच आकडा दिसतो. तो विरघळलेल्या क्षारांचा असे आपण मानतो. प्रत्यक्षात पेन मोजते ती विद्युतवाहकता. एकाच दिशेने वीज सोडली तर इलेक्ट्रोडांवर वायू साचून मोजमाप बिघडते. जर्मन शास्त्रज्ञ कोलराउश यांनी १८७०च्या दशकात प्रत्यावर्ती प्रवाह वापरून ही अडचण दूर केली. पेन वाहकतेला साधारण ०.५ने गुणून क्षारांचा अंदाज दाखवते. क्षार कोणते, हे त्याला कळत नाही.

पट्टीची परंपरा निराळी आहे. ॲबर्डीनचे टॉमस क्लार्क यांनी १८४१च्या सुमारास साबणाच्या द्रावणाने पाणी तपासण्याची पद्धत दिली. टिकाऊ फेस यायला किती द्रावण लागते, यावरून कॅल्शियम-मॅग्नेशियमचे प्रमाण काढायचे. आपला ‘दुष्फेन’ हा शब्द त्या फेसाचीच आठवण देतो. पुढे १९४०च्या दशकात झुरिकमध्ये श्वार्झेनबाख यांनी ईडीटीए हा या आयनांना पकडणारा पदार्थ मोजमापात आणला. दुष्फेनतेच्या पट्टीवर सहसा तोच असतो, सोबत रंग बदलणारा दर्शक. बायकार्बोनेटसाठी, म्हणजे अल्कलीपणासाठी, पट्टीवर वेगळा चौकोन असतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा, नळाच्या पाण्यात मुख्यतः कॅल्शियम बायकार्बोनेट आहे. पट्टीवर दुष्फेनता १२०, अल्कलीपणाही १२०, आणि पेनावर सुमारे १२० (सर्व मिलिग्रॅम प्रतिलिटर; पट्टीचे आकडे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात). हे पाणी आयन-विनिमय सॉफ्टनरमधून काढले. कॅल्शियम गेले, त्या जागी सोडियम आले. पेन आता ११०च्या आसपास दाखवते, म्हणजे जवळजवळ काहीच घडले नाही! पट्टीवर मात्र दुष्फेनता शून्याजवळ येते, अल्कलीपणा तेवढाच राहतो. अमेरिकेतील स्पेशालिटी कॉफी संघटनेच्या मानकात अल्कलीपणा ४०च्या सुमारास हवा असे म्हटले होते. येथे तो तिप्पट आहे. बायकार्बोनेट कॉफीतील आम्ले उदासीन करते आणि कप फिका, सपाट लागतो. कॅल्शियम-मॅग्नेशियम चवीच्या द्रव्यांना धरतात, असे हेंडन व सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडले. पण तो संगणकीय हिशेब होता, चवीची परीक्षा नव्हे.

पट्टीलाही मर्यादा आहेत. रंगांचे टप्पे मोठे असतात. ५० आणि १२० यांमधला आकडा डोळ्यांनीच ठरवावा लागतो. डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनंतर, उजेडात रंग पाहावा. उशीर केला तर तो आणखी बदलतो.

मूळ नळाचे पाणी उकळून, निवळून पुन्हा तपासले तर तळाशी पांढरा थर बसलेला दिसतो आणि दुष्फेनता, अल्कलीपणा व पेनाचा आकडा तिन्ही उतरतात. सॉफ्टनरमधून काढलेले पाणी कितीही उकळले तरी थर बसत नाही, आणि अल्कलीपणाही हलत नाही.