अपुरा भरणा (बँक-कपातीमुळे)

बिलाच्या रकमेपेक्षा ग्राहकाकडून कमी रक्कम जमा होणे आणि फरकाचे कारण म्हणून बँकेचे शुल्क सांगितले जाणे, याला अपुरा भरणा म्हणतात. व्यापाऱ्यांच्या बोलण्यात ‘शॉर्ट पेमेंट’. ‘बँकेने कापले’ हे एकच वाक्य दोन अगदी वेगळ्या घटनांसाठी वापरले जाते. एकीत पैसे वाटेत असताना एखादी बँक त्यातून आपला वाटा काढून घेते. दुसरीत पैसे वाटेत अखंड असतात. ग्राहकच आपल्या खात्यावर पडलेले शुल्क बिलातून वजा करतो आणि उरलेले पाठवतो. पहिल्या घटनेत बँकेकडे विचारणा करावी लागते, दुसरीत ग्राहकाकडे. म्हणून कोणतीही नोंद करण्याआधी कापले कोणी हे ठरवावे लागते.

पूर्वपीठिका : पैसे एका गावाहून दुसऱ्या गावी पोचवण्याचा खर्च बँकांच्या आधीपासून आहे. हुंडी करणाऱ्या सावकाराला द्यायची ती हुंडणावळ, आणि चांदवडी, अंकुशी अशी निरनिराळी नाणी बदलताना सुटायचा तो बट्टा. जमाखर्चाच्या वहीत असल्या किरकोळ तुटीफुटीसाठी ‘कसर-वटाव’ असे स्वतंत्र खाते असे, आणि संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या अनेक पेढ्यांत ते आजही त्याच नावाने चालते. नाव चांगले आहे, पण त्यात एक खोड आहे : कसर म्हणजे बारीकसारीक फरक, वटाव म्हणजे ग्राहकाला राजीखुशीने दिलेली सूट. बँकेने घेतलेले शुल्क या दोन्हींपैकी काहीच नाही. ते कसर-वटावात टाकले की वर्षअखेरीस बँकांनी किती खाल्ले आणि ग्राहकांनी किती कापले हे वेगळे काढता येत नाही.

देशातील भरणा : एनईएफटी आणि आरटीजीएस या दोन्ही व्यवस्थांत पाठवलेली रक्कम जशीच्या तशी पोचते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे पैसे स्वीकारणाऱ्याला शुल्क लावता येत नाही, आणि पाठवणाऱ्याचे शुल्क त्याच्या खात्यावर वेगळी नोंद होऊन पडते. त्यामुळे पुण्याच्या किंवा सोलापूरच्या ग्राहकाची एनईएफटी कमी आली, तर ती वाटेत कापली गेलेली नसते. कमीच पाठवलेली असते.

हे ओळखायला आकडाच पुरतो. समजा, आडते बाजारातील एका पेढीने १,१८,००० रुपयांचे बिल केले : माल एक लाखाचा, त्यावर १८ टक्के जीएसटी. खात्यात आले १,१७,९८२ रुपये ३० पैसे. फरक १७ रुपये ७० पैसे. एक ते दोन लाखांच्या एनईएफटीला शाखेत जाऊन पैसे पाठवल्यास बँकेला जास्तीत जास्त १५ रुपये घेता येतात. त्यावर १८ टक्के जीएसटी धरला की बरोबर १७.७० होतात. म्हणजे ग्राहकाने काउंटरवर शुल्क भरले आणि ते बिलातून वळते करून घेतले. दोन लाखांवरच्या एनईएफटीत हाच फरक २९.५० चा दिसतो (२५ रुपये अधिक कर), पाच लाखांवरच्या आरटीजीएसमध्ये ५८.४१ चा (४९.५० अधिक कर). बँक यापेक्षा कमी शुल्क घेत असेल तर आकडा बदलेल, वाढणार मात्र नाही. फरक याहून मोठा असून ग्राहक एनईएफटीचे कारण सांगत असेल, तर कारण दुसरेच आहे.

ते कारण बहुधा कर असते. एका विक्रेत्याकडून वर्षात ५० लाखांवर खरेदी करणारा मोठा खरेदीदार वरच्या रकमेवर ०.१ टक्का टीडीएस कापतो. सरकारी खाती व स्थानिक संस्था अडीच लाखांवरच्या कंत्राटांत दोन टक्के जीएसटी टीडीएस कापतात. हे पैसे गेलेले नसतात, आपल्याच नावावर सरकारजमा झालेले असतात. वरच्या बिलात फरक १७.७० ऐवजी नेमका १०० रुपयांचा असता, तर तो मालाच्या एका लाखाचा ०.१ टक्का आहे हे चटकन दिसले असते. असा फरक बँकखर्चात लिहिणे म्हणजे स्वतःचा परतावा स्वतःच बुडवणे. प्राप्तिकराचा टीडीएस २६एएस मध्ये आणि जीएसटीचा पोर्टलवर दिसतो. तो पाहिल्याशिवाय खाते मिटवू नये.

एक प्रकार याच्या उलट आहे. बाहेरगावचा ग्राहक त्याच्या गावातील शाखेत आपल्या खात्यावर रोख भरतो. भरणा पूर्ण जमा होतो, आणि मग रोख हाताळणीचे शुल्क म्हणून वेगळी रक्कम आपल्या खात्यातून वजा होते. ग्राहकाची पावती पूर्ण रकमेची असते आणि ती खरी असते. त्याच्या नावे बाकी काढली तर भांडण आपणच ओढवून घेतो. येथे फक्त आपला बँकखर्च लिहायचा, आणि पुढच्या बिलावर ‘रोख भरणा फक्त पेढीवर’ एवढे छापून घ्यायचे.

परदेशातील भरणा : वाटेत खरोखर कपात होते ती येथे. राहाता-संगमनेर पट्ट्यातील डाळिंबाचे उदाहरण घेऊ. निर्यातदाराने दुबईच्या आयातदाराला ९,६०० डॉलरचे बिल केले. डॉलर कुठूनही निघोत, ते सहसा न्यूयॉर्कमधील बँकांमार्फत फिरतात : दुबईची बँक, तिची अमेरिकेतील प्रतिनिधी बँक, मग जिथे आपल्या बँकेचे डॉलर खाते आहे ती बँक, आणि शेवटी भारतातील बँक. पैसे पाठवताना ग्राहक शुल्क कोणी सोसायचे ते निवडतो. `OUR` म्हणजे सगळे पाठवणाऱ्याने, `SHA` म्हणजे आपापल्या बाजूचे ज्याने त्याने, `BEN` म्हणजे सगळे घेणाऱ्याने. फॉर्मवरील या एका चौकोनाकडे कोणी पाहत नाही, आणि पुढची सगळी पत्रापत्री त्यातूनच उगवते.

आपल्या उदाहरणात `BEN` निवडले होते. दुबईच्या बँकेने २० डॉलर घेतले, पुढच्या दोघींनी १५ आणि १०, पोचले ९,५५५. हे अंदाजाने मानायचे कारण नाही. आपल्या बँकेकडून आलेल्या संदेशाची प्रत मागावी. नव्या आयएसओ २००२२ पद्धतीच्या संदेशात `InstdAmt` या रकान्यात ग्राहकाने पाठवायला सांगितलेली रक्कम असते, `IntrBkSttlmAmt` मध्ये प्रत्यक्ष पोचलेली, `ChrgBr` मध्ये शुल्काची निवड (`BEN` येथे `CRED` असे दिसते, `OUR` हे `DEBT` असे) आणि `ChrgsInf` मध्ये कोणत्या बँकेने किती घेतले ते. पहिल्या रकान्यात ९,६०० असतील तर ग्राहक खरे बोलतो आहे. तेथे ९,३०० असतील तर तीनशे डॉलर बँकेने नव्हे, त्याने कापले आहेत. बहुधा काही पेट्यांतील फळ काळे निघाले म्हणून, आणि तसे सांगण्यापेक्षा बँकेचे नाव पुढे करणे त्याला सोपे वाटले म्हणून. फळबाजारात हे सर्रास होते. मालाची तक्रार आणि बँकेची कपात यांचे दोन वेगळे आकडे लेखी मागून घ्यावेत.

जमाखर्च : परदेशी भरण्यात आणखी एक फरक मिसळलेला असतो, तो विनिमयदराचा. बिल लिहिले त्या दिवशी डॉलर ८८ रुपये धरला होता, म्हणजे येणे ८,४४,८००. पैसे आले त्या दिवशी बँकेने ८७.६० दर दिला. जमा झाले ८,३७,०१८. मालकाला दिसते की ७,७८२ रुपये कमी आले, आणि तो बँकेला शिव्या घालतो. प्रत्यक्षात ९,६०० डॉलरवर ४० पैशांप्रमाणे ३,८४० रुपये हा विनिमयातील तोटा आहे, आणि ४५ डॉलरचे ३,९४२ ही बँकांची कपात. दोन रकमा, दोन खाती. भारतातील बँक आपले शुल्क आणि त्यावरील जीएसटी रुपयांत वेगळे लावते, ते तिसरे.

पावतीची नोंद करताना ग्राहकाचे खाते बिलाच्या पूर्ण रकमेने जमा करायचे आणि समोर बँक, बँकखर्च, विनिमय फरक असे नावे टाकायचे. टॅलीत ग्राहकाची रक्कम त्याच बिलाच्या `Agst Ref` वर लागली पाहिजे. घाईत `On Account` वर टाकली की बिल तसेच उघडे राहते, आणि दोन वर्षांनी वसुलीच्या यादीत सतरा-सतरा रुपयांच्या चाळीस बाक्या दिसू लागतात. बँकखर्चापायी जीएसटीची क्रेडिट नोट काढू नये. माल तोच, भाव तोच. पैसे पोचवण्याचा खर्च वाढला म्हणून करपात्र मूल्य कमी होत नाही.

निर्यातीत आपल्या वहीबरोबर बँकेची वहीही मिटवावी लागते. रिझर्व्ह बँकेच्या ईडीपीएमएस या प्रणालीत प्रत्येक शिपिंग बिलासमोर आलेले पैसे लावले जातात. ४५ डॉलर ही परदेशी बँकांची कपात आहे असे लेखी कळवले नाही, तर तेवढ्यासाठी बिल उघडे दिसत राहते. ऑक्टोबर २०२५ पासून दहा लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी निर्यातदाराच्या घोषणापत्रावर बंद करता येतात आणि बिलाच्या रकमेतील घटही त्यावर मान्य होते. आपले ८,४४,८०० चे बिल यात बसते. ड्रॉबॅक घेणाऱ्यासाठी सीमाशुल्क मंडळाने २०१९ मध्ये खुलासा केला आहे : परदेशी बँकशुल्क आणि दलाली मिळून एफओबी मूल्याच्या साडेबारा टक्क्यांपर्यंत असतील, तर तेवढ्यापुरता ड्रॉबॅक कमी होत नाही.

वसूल करावे की सोडावे : हे आकड्यावर कमी आणि करारावर जास्त ठरते. ‘भारताबाहेरील सर्व बँकशुल्क खरेदीदाराकडे, भरणा `OUR` पद्धतीने’ असे बिलावर आणि ऑर्डरच्या स्वीकृतीवर आधीच लिहिलेले असेल, तर ४५ डॉलर हे येणेच आहे. ते पुढच्या बिलात वेगळ्या ओळीत घ्यावे, जुने बिल उघडे ठेवून नव्हे. लिहिलेले नसेल तर मागणीला आधार नाही आणि खर्च सोसावा लागतो. देशातील १७.७० साठी फोन करणे फोनच्या वेळेलाही परवडत नाही. मात्र ती रक्कम मिटवण्याचा अधिकार कोणाला आणि किती रुपयांपर्यंत, हे मालकाने एकदा ठरवून द्यावे. रोखपाल विचारल्याशिवाय कितीही फरक मिटवत असेल, तर काही ग्राहकांना ते दोन-तीन बिलांत कळते आणि सतराचे एकशे सत्तर होतात. त्यासाठी ग्राहकवार बँकखर्च वेगळा पाहावा लागतो; कसर-वटावात तो दिसत नाही.

`OUR` लिहून घेतले तरी काही वेळा रक्कम कमी येते, कारण मधली बँक पाठवणाऱ्याच्या सूचनेकडे दुर्लक्ष करून आपले शुल्क आलेल्या पैशांतूनच घेते. अशा वेळी ग्राहकाला दोष देण्यात अर्थ नसतो. त्याने पूर्ण पैसे आणि वर शुल्कही भरलेले असते. संदेशावरील `UETR` हा ३६ अक्षरांचा क्रमांक त्याला कळवावा. त्या क्रमांकावर त्याची बँक पैसे कुठे अडले आणि कोणी कापले ते शोधून परतावा मागू शकते. ही मागणी पैसे पाठवणाऱ्याच्या बँकेकडूनच पुढे जाते. नगरच्या शाखेत कितीही अर्ज दिले तरी तिला दुबईच्या ग्राहकाच्या वतीने ती करता येत नाही.