मारेकरी हिंदू आहे : एका वाक्याचा इतिहास

३० जानेवारी १९४८. दिल्लीच्या बिर्ला हाउसमध्ये संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. थोड्याच वेळात कुजबुज सुरू झाली की, मारणारा मुसलमान आहे. फाळणीला साडेपाच महिने झाले होते. ही अफवा पसरली असती तर मोहल्ल्यामोहल्ल्यांत काय घडलं असतं, ते सांगायला नको.

सहाच्या सुमारास आकाशवाणीने बातमी दिली. तिचा गाभा दोनच गोष्टींचा होता : गांधीजींची हत्या झाली आहे, आणि मारेकरी हिंदू आहे. बातम्यांची भाषा शिकताना मला या दुसऱ्या वाक्याइतका चांगला धडा सापडलेला नाही.

हीच गोष्ट वर्तमानपत्री मराठीत कशी लिहिली गेली असती? ‘हल्लेखोर मुसलमान असल्याच्या वृत्तात तथ्य नसल्याचे अधिकृत सूत्रांनी स्पष्ट केले आहे.’ माहिती खरी, व्याकरण शुद्ध. पण मराठीत नकार वाक्याच्या शेवटाकडे येतो. श्रोत्याच्या कानावर आधी ‘हल्लेखोर मुसलमान’ हे दोन शब्द पडतात. तेवढ्यात खरखर झाली, कुणी हाक मारली, तर तेवढेच शब्द घेऊन तो रस्त्यावर जातो. वाचकाला ओळ पुन्हा वाचता येते. श्रोत्याला ती सोय नसते. म्हणून रेडिओवर अफवा खोडताना ती उच्चारू नये. खरं काय ते सरळ, होकारार्थी सांगावं.

वाक्य लहान केलं की ते आपोआप अचूक होतं, असं मात्र नाही. दंगलीच्या बातमीत धर्म सांगू नये, हा संकेत आपल्याला माहीत आहे आणि तो योग्यच आहे. मग इथे धर्म का सांगितला? कारण तो गाळला असता, तर ती रिकामी जागा अफवेने भरली असती. एखादा तपशील ठेवायचा की गाळायचा, हे ठरवताना मी हाच प्रश्न विचारतो : हा शब्द काढला तर ऐकणारा काय समजेल?

तपशील ठेवायचा ठरला, तरी आधी त्याची खात्री हवी. गोळीबार आणि प्रसारण यांच्यात चाळीसेक मिनिटं गेली. ‘मारेकरी हिंदू आहे’ या वाक्यात ‘कदाचित’ला जागाच नव्हती. खात्री नसती तर हे वाक्य लिहिताच आलं नसतं. ‘मारेकऱ्याला पकडलं आहे. त्याची ओळख अजून पटलेली नाही’ एवढंच म्हणावं लागलं असतं.

या वाक्याची मर्यादाही दिसली. नथुराम गोडसेचं नाव आणि जात कळल्यावर पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत ज्यांचा गुन्ह्याशी काडीचा संबंध नव्हता, अशा ब्राह्मणांची घरं जाळली गेली. अचूक वाक्य अफवा रोखू शकतं. एकाचा गुन्हा साऱ्या जमातीच्या माथी मारण्याची सवय त्याने मोडत नाही.