कॅलिपर व स्क्रू गेजने मापन
व्हर्निअर कॅलिपर व स्क्रू गेज वापरून लहान लांबी, जाडी वा व्यास मोजण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. सरकत्या पट्टीचे तत्त्व प्येर व्हर्निये यांनी १६३१ मध्ये मांडले. पामर यांच्या स्क्रू गेजला १८४८ मध्ये पेटंट मिळाले.

साधनाने वाचता येणारे सर्वांत लहान माप म्हणजे लघुतम माप. स्क्रूचे अंतराल १ मिमी. व गोल पट्टीवर १०० भाग असल्यास ते ०.०१ मिमी. असते. टोके मिटल्यावर शून्ये जुळली नाहीत, तर शून्य त्रुटी असते (पहा : मापनातील त्रुटी). गोल पट्टीचे शून्य संदर्भरेषेच्या ४ भाग खाली राहिल्यास ती +०.०४ मिमी. धरतात. तारेचे वाचन ०.५६ मिमी. असेल, तर नोंदवहीत दुरुस्त व्यास ०.५६ − ०.०४ = ०.५२ मिमी. लिहितात.

ही दुरुस्ती राहिल्यास तारेचे छेदक्षेत्र सुमारे १६ टक्के जास्त येते (पहा : यंग गुणांक).