अंकीय स्वाक्षरी व इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी

करारास संमती दर्शविणारे कोणतेही इलेक्ट्रॉनिक चिन्ह, मग ते टंकलिखित नाव असो वा सहीचे चित्र, व्यापक अर्थाने इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी होय. अंकीय स्वाक्षरी हा तिचा गणितावर आधारलेला प्रकार. त्याची कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली. भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमाने २००० मध्ये फक्त अंकीय स्वाक्षरीस मान्यता दिली. व्यापक संज्ञा २००८ च्या दुरुस्तीने आली.

अंकीय स्वाक्षरीत दस्तऐवजाचा गणिती सारांक काढून त्यावर गुप्त किल्लीने प्रक्रिया करतात. पुढे मजकुरातील एक अक्षर बदलले, तरी सारांक जुळत नाही. मात्र किल्ली कोणाची हे सांगणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत सामान्यतः दोन-तीन वर्षांचीच असते.

समजा, २०१२ मध्ये सही केलेला पीडीएफ करार २०२२ मध्ये न्यायालयापुढे आला. मजकूर अबाधित असल्याचे कळते. पण सही प्रमाणपत्र रद्द होण्यापूर्वीची की नंतरची, हे ठरत नाही. सहीतील वेळ सही करणाराच्या संगणकातील घड्याळाची असते व ते मागे सारता येते. म्हणून विश्वसनीय त्रयस्थ संस्थेची कालमुद्रा, प्रमाणपत्रांची साखळी आणि ती रद्द नसल्याचा तत्कालीन दाखला त्याच फाइलीत साठवावा लागतो. यूरोपीय मानकसंस्था ईटीएसआयने याची रीत २००९ मध्ये ठरविली.

एवढ्यानेही भागत नाही. २०१७ मध्ये शा-१ पद्धतीने एकच सारांक देणाऱ्या दोन भिन्न पीडीएफ फाइली तयार करून दाखविण्यात आल्या. त्यामुळे जुनी पद्धत दुबळी होण्याआधीच संपूर्ण फाइलीवर अधिक बळकट पद्धतीची कालमुद्रा पुन्हा उमटवितात. छापील प्रतीत मात्र यांपैकी काहीच उरत नाही.