नीरेचं कुंकू आणि दोन भाषांची वही

मिरजेजवळच्या समडोळीत जन्मलेल्या ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून प्रभातनं १९३७ साली पुण्यात 'कुंकू' काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा (शांता आपटे) आणि तो नवरा (केशवराव दाते). याच नटांना घेऊन हिंदीत 'दुनिया न माने' झाला. म्हणजे घर तेच, माणसं तीच, चित्रपट मात्र दोन. कंटिन्युइटीचा अभ्यास करायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

अशा द्विभाषी कामात साधारणपणे एक शॉट मराठीत घेतला की कॅमेरा आणि दिवे न हलवता लगेच हिंदीत घेतात. मग दिवे हलवायचे आणि जवळचा शॉट पुन्हा दोनदा घ्यायचा. पडद्यावर एकाला एक लागून येणाऱ्या दोन मराठी शॉटांमध्ये त्यामुळे एक हिंदी शॉट आणि तासभराची मांडामांड येते. तेवढ्या वेळात भिंतीवरचं घड्याळ पुढे जातं. दिव्यांच्या उष्णतेनं कपाळावरचं मेण मऊ होतं आणि कुंकू पुसून परत लावावं लागतं. ते भुवईपासून किती वर होतं, केवढं होतं, हे कुणीतरी लिहून ठेवलेलं लागतं. चित्रपट कृष्णधवल, म्हणून लाल रंग थोडा बदलला तरी चालतं. आकार बदलला की मात्र लगेच डोळ्यांत येतं.

खरी गंमत हातांची आहे. समजा, नीरा वाक्य बोलता बोलता पेला खाली ठेवते. नोंद करणारा 'पेला ठेवला' एवढंच लिहीत नाही, कोणत्या हातानं आणि कोणत्या शब्दावर, तेही लिहितो. जवळच्या शॉटमध्ये हात त्याच शब्दावर खाली आला नाही, तर संकलकाला तिथे कापता येत नाही. आता हिंदी वाक्य वेगळं, लांबीही वेगळी. म्हणून एकाच हालचालीच्या नोंदी दोन होतात, आणि मराठीची नोंद हिंदीला लावली की घोटाळा होतो.

संशोधनात इथेच पाय घसरतो. पहिल्यांदा मी दोन्ही चित्रपटांतला तोच प्रसंग शेजारी ठेवून फरक टिपत बसले होते. पदर वेगळा, वस्तूची जागा वेगळी. दोन दिवस वाया! मराठी शॉट हिंदीशी जुळायची गरजच नव्हती. प्रत्येक चित्रपट स्वतःशी जुळला की पुरे. तपासायचं ते एकाच चित्रपटातल्या कापाच्या अलीकडची आणि पलीकडची चौकट. तिथे पेला जागा बदलून बसला असेल, तरी आधी आवाज ऐका. शब्द मध्येच तुटला असेल, तर बहुधा प्रिंट तिथे फाटून परत जोडली गेली आहे, नोंद करणाऱ्याची चूक नाही. शब्द सलग असेल आणि पेला हललेला असेल, तरच माझ्या वहीत 'चूक' असं लिहिलं जातं.