बाहेर खाण्याचा हिशेब महिन्याचा नको, आठवड्याचा ठेवा : हैदराबादला राहणाऱ्यांसाठी एक सोपी पद्धत

हैदराबाद : नांदेड, देगलूर, उदगीर, बिदर, आदिलाबाद या भागांतून नोकरीसाठी हैदराबादला आलेल्या मुलामुलींचा मोठा खर्च दोन प्रकारचा असतो. खोलीभाडं, मेस, मेट्रो, कर्जाचा हप्ता आणि घरी पाठवायची रक्कम हा ठरलेला खर्च. तो महिन्यातून एकदाच जातो, म्हणून त्याचा हिशेब महिन्याचाच बरा. दुसरा खर्च सुटा असतो. इराणी हॉटेलातला चहा, बंडीवरचा नाष्टा, रात्री मोबाईलवरून मागवलेलं जेवण, शनिवारची बिर्याणी, सिनेमा. या खर्चाला महिन्याची मर्यादा लावली की ती बहुतेकदा वीस-बावीस तारखेला मोडते आणि मग उसनवारी सुरू होते, नाहीतर घरी जाणारी रक्कम कमी होते.

याचं कारण आपल्याकडे आठवडी बाजार करणाऱ्या कुणालाही लगेच कळेल. सुट्या खर्चाची चाल महिन्याची नसते, आठवड्याची असते. सोमवार ते गुरुवार हात आखडता राहतो, शुक्रवार रात्रीपासून सुटतो. आणि महिन्यात असे शनिवार-रविवार किती येतील, हे दरवेळी सारखं नसतं. २०२६ चा फेब्रुवारी बघा : २८ दिवस, बरोबर चार शनिवार-रविवार. त्याच वर्षीचा मे ३१ दिवसांचा, सुरुवात शुक्रवारी, म्हणजे पाच शुक्रवार, पाच शनिवार, पाच रविवार. महिन्याला ६,००० रुपये ठरवले असतील तर फेब्रुवारीत एका आठवड्याच्या वाट्याला १,५०० येतात, मेमध्ये मात्र साडेतेराशेच. सवय तीच, मर्यादाही तीच, तरी मेमध्ये पैसे पुरत नाहीत.

चाराने भागू नका

आठवड्याची रक्कम काढताना बहुतेक जण महिन्याच्या रकमेला चाराने भागतात. इथेच हिशेब चुकतो. ६,००० भागिले ४ म्हणजे १,५००. पण वर्षात आठवडे ४८ नसतात, ५२ असतात. १,५०० गुणिले ५२ म्हणजे ७८,०००. तुमचं ठरलं होतं वर्षाला ७२,०००. एका महिन्याची पूर्ण रक्कम जास्तीची गेली, तीही मर्यादा पाळून.

बरोबर रीत अशी : महिन्याची रक्कम गुणिले १२, भागिले ५२. ७२,००० भागिले ५२ म्हणजे साधारण १,३८४. ती खाली उतरवून १,३५० धरा. वर्षाअखेर यातूनच १,८०० रुपये बाजूला राहतात.

मुळात महिन्याचे ६,००० हा आकडा तरी कुठून आणायचा? मनाने ठरवू नका. मागच्या चार आठवड्यांची यूपीआयची यादी काढा, त्यातले खाण्यापिण्याचे आणि फिरण्याचे आकडे बेरीज करा. पहिली मर्यादा त्या बेरजेच्या किंचित खाली ठेवा. एकदम निम्म्यावर आणली तर दुसऱ्याच आठवड्यात मोडते.

एक उदाहरण

समजा, माधापूरला काम करणाऱ्या एका मुलाची मर्यादा आठवड्याला १,३५० आहे आणि त्याचा आठवडा सोमवारी सुरू होतो. महिन्याची पहिली तारीखही सोमवारीच आली, असं धरू.

पहिला आठवडा : चहा-नाष्टा रोज ६० प्रमाणे शुक्रवारपर्यंत ३००, बुधवारी रात्री मागवलेलं जेवण २६०. एकूण ५६०. शनिवारी चौघांची बिर्याणी, बिल १,७२०, त्याचा वाटा ४३०, ऑटोचे ७०. रविवारी सिनेमा २५०. आठवड्याचे झाले १,३१०. चाळीस उरले.

दुसरा आठवडा : गुरुवारपर्यंत चहा-नाष्टा २४०, मागवलेलं जेवण २६०, आणि गुरुवारीच ऑफिसातल्या एकाचा निरोप समारंभ, वाटा ४५०. झाले ९५०. हातात ४००. नेहमीच्या शुक्रवार-शनिवार-रविवारला लागतात ८१०.

आता हाच गुरुवार महिन्याच्या मर्यादेतून बघा. ११ तारीख, ६,००० पैकी २,२६० गेले, ३,७४० शिल्लक. आकडा भरघोस दिसतो, म्हणून शनिवार नेहमीसारखा होतो. चौदा तारखेला ३,०७० गेलेले असतात आणि पुढे सोळा दिवस उभे. आठवड्याच्या हिशेबात मात्र गुरुवारीच कळतं की चारशेच आहेत. मग सिनेमा पुढे ढकलता येतो, बिर्याणीऐवजी दुपारची थाळी चालते. किंवा सिनेमा सोडून बिर्याणीला जायचंच ठरवलं, तर शुक्रवारचे ६० आणि शनिवारचे ५०० मिळून १६० जास्त होतील. ते पुढच्या आठवड्यातून कापायचे, म्हणजे पुढची मर्यादा १,१९०. चूक सात दिवसांत दिसते आणि सात दिवसांत भरून निघते.

पैसे वेगळे कसे ठेवायचे

वही चालते, पण यूपीआय लाइट जास्त सोयीचं. त्यात एकावेळी ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एका व्यवहाराला १,००० पर्यंत पिन लागत नाही. सोमवारी सकाळी एकूण शिल्लक १,३५० होईल एवढेच त्यात टाका आणि खर्च त्यातूनच करा. शिल्लक कमी झाली की आपोआप पैसे भरण्याची सोय असते, ती बंद ठेवा. नाहीतर मर्यादेला अर्थच उरत नाही. बँकेच्या पासबुकातही चहाच्या वीस नोंदींऐवजी आठवड्याला भरण्याची एकच नोंद दिसते.

मित्रांचं बिल तुम्ही भरलं तर १,७२० नाही, तुमचा वाटा ४३० तेवढाच खर्च धरा. बाकीचे परत आले की लाइटमध्ये टाका. क्रेडिट कार्डाने खाल्लं तर ज्या दिवशी खाल्लं त्या दिवशीच लिहा, बिल येईपर्यंत थांबू नका.

उरलेले आणि अडलेले

आठवड्यात उरलेले पैसे पुढच्या आठवड्यात खर्चाला घेऊ नका, वेगळे साठवा. हैदराबादला त्याची गरज पडतेच. रमजानचा महिना म्हणजे साधारण चार आठवडे, आणि त्यात हलीमची दुकानं रोज संध्याकाळी बोलावतात. गावाकडून कुणी दवाखान्यासाठी आलं तर चार दिवस बाहेरचं जेवण ठरलेलं. हे खर्च आठवड्याच्या मर्यादेत बसवायला गेलं तर मर्यादाच मोडते. त्यासाठी ही साठवण, आणि वर सांगितलेले वर्षाचे १,८००.

पद्धत बिघडली हे दोन खुणांनी कळतं. सलग तीन आठवडे एकाच कारणाने मर्यादा ओलांडली, तर आकडाच चुकलाय. रोजचा नाष्टा त्यात बसत नसेल तर तो मेसच्या खर्चात टाका आणि मर्यादा तेवढी कमी करा. दुसरी खूण किराण्यात दिसते. बाहेरचं खाणं घटलं पण दहा मिनिटांत घरी येणाऱ्या चिप्स आणि कोल्ड्रिंकमुळे किराणा वाढला, तर खर्च कमी झालेला नाही. त्याने फक्त खातं बदललंय.

रेल्वेचं तिकीट, सणाचे कपडे, विम्याचा हप्ता यांना ही पद्धत लावू नका. ते वर्षातून मोजक्या वेळा येतात, त्यांची रक्कम बाराने भागून दर महिन्याला वेगळी काढलेली बरी.