इन्सेंटिव्ह कमी आला? कमिशनच्या स्टेटमेंटवर हरकत घ्यायची तर आधी हे तपासा

दिवाळीचा महिना संपला की शहादा, नंदुरबार, नवापूरच्या शोरूममध्ये काम करणारी आपली पोरं एकाच गोष्टीची वाट बघतात, ती म्हणजे इन्सेंटिव्हची. धडगाव, अक्कलकुवा, तळोद्याकडची गिऱ्हाइकं दसऱ्यापासून धनत्रयोदशीपर्यंत गाड्या उचलतात. महिनाभर जेवायला वेळ मिळत नाही, आणि स्टेटमेंट हातात पडतं तेव्हा आकडा मनातल्या हिशोबापेक्षा निम्मा असतो. मग कुणी मॅनेजरशी भांडतं, कुणी गप्प बसतं, कुणी नोकरी सोडतं. या तिन्हीतून पैसे मिळत नाहीत. आकडा कुठे चुकला हे बोट ठेवून दाखवलं तरच पुढची गोष्ट होते.

खाली दुचाकी शोरूमचं उदाहरण घेतलंय. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. मोबाईल, टीव्ही-फ्रिज, ट्रॅक्टर किंवा बियाणं विकणाऱ्यांनाही हिशोबाची रीत तीच लागू होते.

समजा शोरूमच्या स्कीमच्या पत्रात असं लिहिलंय: महिन्यात १ ते १० गाड्या विकल्या तर गाडीमागे ३०० रुपये, ११ ते १५ विकल्या तर ५०० आणि १६ किंवा जास्त विकल्या तर ७००. बिलाची तारीख त्या महिन्यातली पाहिजे. रद्द झालेली गाडी धरली जाणार नाही. आता सेल्समनच्या डायरीत ऑक्टोबरच्या १७ गाड्या आहेत आणि स्टेटमेंटवर १४ गाड्या, ५,००० रुपये.

इथे दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत आणि बहुतेक जण त्या एकत्र करून बोलतात. पहिली म्हणजे गाड्या कमी का धरल्या. दुसरी म्हणजे धरलेल्या गाड्यांना दर कोणता लावला. मॅनेजरसमोर दोन्ही एकदम काढल्या तर तो सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि अवघड तसाच राहतो.

आधी गाड्यांचं बघू. डायरी आणि स्टेटमेंट शेजारी ठेवून एकेक बिल नंबर जुळवायचा. गिऱ्हाइकाच्या नावावर जुळवू नका, कारण बुकिंग बापाच्या नावावर आणि बिल पोराच्या नावावर हे आपल्याकडे नेहमीचंच. समजा जुळवल्यावर तीन गाड्या गायब निघाल्या. एकीचं बिल ३१ ऑक्टोबरला फाटलं, पण गाडी शोरूमबाहेर १ नोव्हेंबरला गेली. दुसरी गाडी दुसऱ्या सेल्समनच्या नावावर चढली, कारण ते गिऱ्हाईक दोन महिन्यांपूर्वी चौकशीला आलं होतं तेव्हा त्यानं नोंद केली होती. तिसऱ्या गाडीचं फायनान्स नामंजूर झालं आणि बिल रद्द झालं.

तिसरी गाडी सोडून द्या, पत्रातच लिहिलंय. पहिल्या गाडीचा हक्क पक्का आहे, कारण पत्रात बिलाची तारीख म्हटलंय, डिलिव्हरीची नाही. कॉम्प्युटरमध्ये हिशोब डिलिव्हरीच्या तारखेवर लावला असेल तर महिनाअखेरच्या गाड्या दर महिन्याला अशाच सरकतात. ‘पुढच्या महिन्यात धरू’ असं उत्तर मिळेल. त्यात नुकसान नाही असं वाटतं, पण आहे. दिवाळीच्या महिन्यात ती गाडी वरच्या दरात नेते, नोव्हेंबरच्या मंदीत ती ३०० रुपयांचीच राहते.

दुसऱ्या गाडीचा वाद खरा वाद आहे. चौकशी एकाची, विक्री दुसऱ्याची, यात कुणाचा हक्क हे स्कीमच्या पत्रात किंवा शोरूमच्या नियमात असतं. बऱ्याच ठिकाणी जुन्या चौकशीला ठराविक दिवसांची मुदत असते, त्यानंतर जो विकेल त्याची गाडी. आपल्या उदाहरणात मुदत ३० दिवसांची धरू, म्हणजे ही गाडीही आपली. इथे पुरावा लागतो तो बुकिंग फॉर्मवरच्या सेल्समनच्या नावाचा. वाहन पोर्टलवर गाडी कधी नोंदली ते दिसतं, कुणी विकली ते दिसत नाही. त्यामुळे तिथला स्क्रीनशॉट दाखवून या वादात काही हाती लागत नाही.

म्हणजे १७ नाही, १४ पण नाही, १६ गाड्या झाल्या. डायरीतली एक गाडी आपणच वगळली हे अर्जात लिहिलं पाहिजे. त्यानं बाकीच्या दोन गाड्यांचं म्हणणं वजनदार होतं.

आता दर. १४ गाड्यांचे ५,००० कसे आले? पहिल्या १० गाड्यांना ३०० प्रमाणे ३,००० आणि पुढच्या ४ ना ५०० प्रमाणे २,०००. म्हणजे अकाउंटवाल्यानं टप्प्याटप्प्यानं हिशोब केला. पण पत्राचा दुसरा अर्थही निघतो: १६ गाड्या झाल्या की सगळ्याच १६ गाड्यांना ७०० चा दर. फरक किती पडतो बघा. टप्प्याटप्प्यानं धरलं तर १६ गाड्यांचे ३,०००, २,५०० आणि ७०० मिळून ६,२०० होतात. सगळ्यांना वरचा दर लावला तर ११,२००. नेमका पाच हजारांचा फरक, आणि तो पत्रातल्या एका वाक्याच्या अर्थावर उभा आहे.

पत्र वाचून अर्थ लागत नसेल तर जुनी स्टेटमेंट काढा. समजा ऑगस्टमध्ये याच सेल्समनच्या १२ गाड्या होत्या आणि ६,००० रुपये मिळाले होते. १२ गुणिले ५००, म्हणजे तेव्हा सगळ्या गाड्यांना वरचा दर लावला होता. टप्प्यानं लावला असता तर ४,००० च आले असते. स्कीम बदलल्याचं पत्र मधे आलं नसेल तर ऑक्टोबरला वेगळी रीत का, या प्रश्नाला शोरूमकडे उत्तर राहत नाही. म्हणून दर महिन्याचं स्टेटमेंट आणि स्कीमचं पत्र मोबाईलमध्ये एका फोल्डरला ठेवायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर आलेली स्कीम ग्रुप डिलीट झाला की जाते.

ज्यांचा इन्सेंटिव्ह गाडीमागे नसून टक्क्यांत आहे त्यांनी आणखी एक बघायचं: टक्का कशावर धरलाय. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. मूळ किंमत ७०,००० असलेली गाडी आधी जीएसटीसह ८९,६०० ला पडायची, आता ८२,६०० ला. टक्का जीएसटीसहच्या किमतीवर ठरला असेल तर इन्सेंटिव्ह थोडा उतरणारच, ती चूक नाही. टक्का मूळ किमतीवर ठरला असेल आणि तरी रक्कम उतरली असेल, तर मात्र विचारायचं.

हरकत लेखीच घ्या. तोंडी सांगितलेलं महिन्यानंतर कुणाला आठवत नाही. अनेक स्कीममध्ये स्टेटमेंट मिळाल्यापासून काही दिवसांच्या आत हरकत घ्यायची अट असते, ती तारीख आधी बघा. रक्कम घेताना सही मागितली तर सही करायला हरकत नाही, पण सहीखाली ‘रक्कम मिळाली, हिशोबाबद्दल हरकत कायम’ असं लिहून तारीख टाका आणि फोटो काढा. अर्ज असा पुरेसा आहे:

‘मा. मॅनेजर साहेब, सा.न. ऑक्टोबरच्या इन्सेंटिव्ह स्टेटमेंटमध्ये माझ्या १४ गाड्या व ५,००० रुपये धरले आहेत. माझ्या हिशोबाने १६ गाड्या होतात. (१) बिल नं. …, तारीख ३१ ऑक्टोबर, स्कीमप्रमाणे बिलाची तारीख धरायची आहे. (२) बिल नं. …, बुकिंग फॉर्मवर माझे नाव आहे, जुन्या चौकशीची ३० दिवसांची मुदत संपली होती. रद्द झालेली एक गाडी मी धरलेली नाही. तसेच ऑगस्टमध्ये १२ गाड्यांना ५०० च्या दराने ६,००० रुपये दिले होते. त्याच रीतीने १६ गाड्यांचे ११,२०० होतात. फरक ६,२०० रुपये. कृपया तपासून लेखी कळवावे. जुनी स्टेटमेंट सोबत जोडली आहेत.’

यात रागाचा एक शब्द नाही हे बघा. मॅनेजर हाच अर्ज वर पाठवणार असतो, आणि बऱ्याचदा चूक त्याची नसून हेड ऑफिसच्या एक्सेल शीटची असते. पुरावा म्हणून गिऱ्हाइकांचे आधार, फोन नंबरच्या याद्या मोबाईलवर पाठवून घेऊ नका. बिल नंबर पुरतो. गिऱ्हाइकांची माहिती बाहेर नेल्याचा ठपका तुमच्यावरच उलटू शकतो.

उत्तर आलं नाही किंवा कारण न देता नाही म्हटलं तर पुढचं पाऊल कामगार कार्यालय. चार नवे कामगार कायदे २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेत. त्यातल्या वेतन संहितेनुसार थकलेल्या वेतनाचा दावा ३ वर्षांच्या आत करता येतो, आणि अधिकारी थकीत रकमेशिवाय तिच्या १० पटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. पण एक खाच आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. या संहितेत ‘वेतन’ या शब्दाच्या व्याख्येतून कमिशन वगळलंय. वगळलेल्या सगळ्या रकमा मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाल्या तर तेवढा वरचा भाग मात्र वेतनात धरला जातो. म्हणजे मालकाचा वकील ‘हे वेतनच नाही’ असं म्हणू शकतो. म्हणून अर्जात नेमणूक पत्र आणि स्कीमचं पत्र जोडायचं, म्हणजे रक्कम ठरलेल्या अटीनुसार देणं होती हे दिसतं.

विक्री करणारे ‘कामगार’ आहेत का, हा वादही जुना. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सँडोझ कंपनीच्या खटल्यात वैद्यकीय प्रतिनिधी औद्योगिक विवाद कायद्यातले कामगार ठरत नाहीत असं म्हटलं होतं. नव्या संहितांमध्ये कामगाराच्या व्याख्येत विक्री संवर्धन कर्मचारी नाव घेऊन घातलेत.

ज्यांना पगारच नाही, फक्त विक्रीवर कमिशन मिळतं, त्यांचं वेगळं. ते बहुधा नोकर नसून एजंट धरले जातात, आणि त्यांचा दावा करार मोडल्याचा, दिवाणी कोर्टातला. तुम्ही कुठल्या बाजूला आहात याची खूण म्हणजे नेमणूक पत्र, हजेरी, पीएफ आणि पगारी स्लिप.

वकिलाच्या फीला घाबरून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण नंदुरबारच्या जिल्हा न्यायालयात आहे. अनुसूचित जमाती, अनुसूचित जाती आणि महिला यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर नालसाचा टोल फ्री नंबर १५१०० आहे. जाताना नेमणूक पत्र, स्कीमचं पत्र, वादातलं स्टेटमेंट, आधीची दोन-तीन स्टेटमेंट आणि हरकतीच्या अर्जाची पोच एवढे कागद बरोबर ठेवा.